जिमची मेंबरशिप लेखी रद्द करायची आहे, अ‍ॅपमध्ये सोयच नाही. पत्र कोणाला, कुठे आणि कसं पाठवायचं?

आभाळवेडी | ९ मे, सकाळी १०:१२

मंडळी, मदत हवी आहे. जरा सविस्तर लिहिते, कारण तारखा महत्त्वाच्या ठरतील असं वाटतंय.

गेल्या नोव्हेंबरात पुण्यात औंधला घराजवळच्या एका जिममध्ये नाव घातलं. नाव सांगत नाही. एका मोठ्या साखळीची शाखा आहे. महिना २००० रुपये अधिक जीएसटी, असे २१०० रुपये दर महिन्याच्या ५ तारखेला यूपीआय ऑटोपेमधून आपोआप जातात. पहिले सहा महिने सोडता येणार नाही, त्यानंतर ३० दिवसांची लेखी नोटीस देऊन केव्हाही सोडता येईल, अशी अट होती. ती मला मान्य होती आणि आजही आहे.

एप्रिलमध्ये नवऱ्याची नाशिकला बदली झाली. २० एप्रिलला मी फ्रंट डेस्कवर सांगितलं, मॅनेजरला व्हॉट्सअ‍ॅपही केला. त्याचं उत्तर आलं, "ओके मॅम, नोटेड". १ मेला आम्ही नाशिकला आलो. ५ मेला २१०० रुपये पुन्हा गेले. फोन केला तर म्हणाले, व्हॉट्सअ‍ॅप चालत नाही, शाखेत स्वतः येऊन फॉर्म भरा, त्या दिवसापासून ३० दिवस धरू. अ‍ॅपमध्ये पॅकेज वाढवायचं बटण आहे, पीटी विकत घ्यायचं बटण आहे, रद्द करायचं बटण मात्र कुठेही नाही.

एका फॉर्मसाठी दोन वर्षांच्या मुलीला घेऊन पुण्याला जाणं मला आत्ता शक्य नाही. पत्र पाठवलं तर चालेल का? कोणाच्या नावाने? आणि ऑटोपे आत्ताच बंद करू का?

---

पेठेतला_पंत | ९ मे, सकाळी १०:४०

ऑटोपे आत्ताच बंद करा, विषय संपला. यूपीआय अ‍ॅपमध्ये मँडेट दिसतं, ते रद्द करायचं. पैसे जाणंच थांबलं की तेच धावत येतील. आणि व्हॉट्सअ‍ॅपला कायद्यात काडीची किंमत नाही, त्यामुळे २० एप्रिल विसरा.

---

राहुल_ठाणे | ९ मे, सकाळी ११:०५

पंत, सगळ्यांना हा सल्ला देऊ नका हो. मी हेच केलं आणि पस्तावलो.

मी वर्षाचे २४,००० 'बिनव्याजी हप्त्यांवर' भरले होते, महिना २,०००. मला वाटत होतं की हप्ता जिमला जातो. चार महिन्यांनी जिम बंद पडली, शटर खाली. मी बँकेत जाऊन हप्ता थांबवला. दोन महिन्यांनी एका वित्त कंपनीचे वसुलीचे फोन सुरू झाले. ते कर्ज होतं! जिमने कंपनीकडून सगळे पैसे पहिल्याच दिवशी उचलले होते आणि कर्जदार मी. सिबिल खाली आला, पुढे घराच्या कर्जाच्या वेळी त्यावर खुलासा लिहून द्यावा लागला.

त्यामुळे आधी नीट बघा की तुमच्या खात्यातून पैसे नक्की कोण घेतंय.

---

आभाळवेडी | ९ मे, सकाळी ११:२०

बापरे. आत्ताच पासबुक पाहिलं. माझे थेट जिमकडे जातात, पण नाव जिमचं नाही. कुठल्यातरी 'वेलनेस एलएलपी'चं आहे. हे कोण?

---

कोर्टगल्ली | ९ मे, दुपारी १:३२

आभाळवेडी, तुमच्या सगळ्या प्रश्नांतला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आत्ता तुम्ही विचारलात. ग्राहक आयोगातली कामं मी बरीच वर्षं करतोय. जिमच्या प्रकरणांत लोक जे पत्र घेऊन येतात, ते निम्म्या वेळा चुकीच्या माणसाला लिहिलेलं असतं.

दारावरची पाटी साखळीची असते, पण शाखा बहुधा फ्रँचायझीची. तुमचा करार पाटीशी झालेला नसतो, पावतीवर ज्या फर्मचं नाव आहे तिच्याशी झालेला असतो. पत्र पाटीच्या नावाने गेलं तर पुढे "आमच्या फर्मला नोटीस मिळालीच नाही" असं म्हणायला जागा राहते. तुमची पहिली पावती काढा. त्यावर फर्मचं नाव आणि पंधरा अक्षरी जीएसटी क्रमांक असेल. जीएसटीच्या संकेतस्थळावर लॉगिन न करता तो क्रमांक शोधता येतो. तिथे फर्मचं कायदेशीर नाव आणि व्यवसायाचं मुख्य ठिकाण दिसतं. एक पत्र त्या पत्त्यावर आणि तेच पत्र शाखेच्या पत्त्यावर. दोन लिफाफे.

आता पंतांच्या दोन्ही मुद्द्यांबद्दल.

व्हॉट्सअ‍ॅपला किंमत नाही हे खरं नाही. इलेक्ट्रॉनिक नोंद पुरावा म्हणून चालते, त्यासोबत विहित नमुन्यातलं प्रमाणपत्र जोडावं लागतं इतकंच. "ओके मॅम, नोटेड" हे उत्तर तर तुमच्या फार उपयोगाचं आहे. मात्र तुमच्या करारात 'लेखी नोटीस'चा अर्थ काय दिला आहे ते वाचायला हवं. 'शाखेत लेखी' असं असेल तर ते वाद घालतील. त्यामुळे व्हॉट्सअ‍ॅप जपून ठेवा, पण सगळी भिस्त त्यावर नको.

आणि ऑटोपे बंद करणं म्हणजे मेंबरशिप रद्द करणं नव्हे. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मँडेट ही तुम्ही बँकेला दिलेली परवानगी, ती तुम्ही केव्हाही काढून घेऊ शकता. करार जिमशी आहे, तो नोटिशीनेच संपतो. नोटीस न देता नुसतं मँडेट तोडलं तर करार चालूच राहतो आणि त्यांच्या वहीत तुमच्या नावावर दर महिन्याला २१०० चढत जातात. सहा महिन्यांनी १२,६००ची मागणी येते. अशी पत्रं मी पाहिली आहेत.

---

पेठेतला_पंत | ९ मे, दुपारी २:०१

प्रमाणपत्राचं माहीत नव्हतं, मान्य. पण मँडेट चालू ठेवलं तर ते पैसे घेतच राहणार ना? गेलेले पैसे परत मिळवणं जास्त अवघड असतं.

---

कोर्टगल्ली | ९ मे, दुपारी २:१५

तेही बरोबर आहे. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी पत्र, ते पोहोचल्याचा पुरावा, आणि नोटिशीचे दिवस संपले की त्याच दिवशी मँडेट बंद. नोटिशीच्या काळातले पैसे तुम्ही देणं लागता, ते जाऊ द्या. त्यामुळे पुढे तुमची बाजू स्वच्छ राहते.

---

सोसायटी_सचिव | ९ मे, दुपारी ३:४८

आमच्या सोसायटीत पण हाच त्रास आहे. क्लबहाऊसची जिम आम्ही वापरत नाही, तरी मेंटेनन्समध्ये तिचा आकार लावतात. लेखी अर्ज दिला तर तो कमी होईल का?

---

निर्मलामावशी | ९ मे, दुपारी ४:१०

अहो सचिव, तुम्ही सचिव असून आम्हाला विचारताय? 😄

---

कोर्टगल्ली | ९ मे, दुपारी ४:३०

सचिव, तुमचा प्रश्न वेगळा आहे. ती मेंबरशिप नाही, सामाईक सोयींचा खर्च आहे. मी वापरत नाही म्हणून देणार नाही, असं तिथे चालत नाही. आकारणी कशी करायची हा सर्वसाधारण सभेचा विषय. वेगळा धागा काढा, बोलू.

---

डंबेलदादा | ९ मे, रात्री ९:५५

मी तीन वर्षं एका जिमच्या फ्रंट डेस्कवर होतो. आता ते काम सोडलंय, म्हणून आतली गोष्ट सांगतो.

"नोटेड" म्हणणारा मॅनेजर खोटं बोलत असेलच असं नाही. पण त्याच्या फोनवरचा मेसेज सिस्टीममध्ये चढत नाही. सिस्टीममध्ये रद्द करायची नोंद करायला कागद स्कॅन करून जोडावा लागायचा, निदान आमच्याकडे तरी. मॅनेजर साताठ महिन्यांत बदलतो, त्याचा फोन त्याच्याबरोबर जातो, आणि नवा माणूस म्हणतो "आमच्याकडे रेकॉर्ड नाही". तो तरी काय करणार, त्याच्याकडे खरंच नसतं.

दुसरं म्हणजे, आम्हाला सूचना होती की रद्द करायला आलेल्या माणसाला आधी कारण विचारायचं. कारण कळलं की त्यावर उत्तर तयार असायचं. बदली झाली? त्या गावच्या शाखेत ट्रान्सफर घ्या. आजारी? तीन महिने फ्रीझ करा. पैशांची अडचण? नाव मित्राला ट्रान्सफर करा. फ्रीझ केलं की माणसाला वाटतं काम झालं, आणि तीन महिन्यांनी पैसे पुन्हा चालू. ताई, पत्रात कारण लिहूच नका.

---

पेठेतला_पंत | ९ मे, रात्री १०:२०

कारण लिहू नका हे मला पटत नाही. माझ्या भावाने डॉक्टरांचं पत्र जोडलं, स्लिप डिस्क होती, तर वर्षाच्या पॅकेजमधले उरलेले पैसे मिळाले. कारणाशिवाय कोण देतं?

---

कोर्टगल्ली | ९ मे, रात्री १०:४५

दोघंही आपापल्या जागी बरोबर आहात. भावाचं पॅकेज मुदतीच्या आत सोडायचं होतं, म्हणून सबळ कारण लागलं. आभाळवेडींची सहा महिन्यांची मुदत ४ मेला संपली आहे. आता त्यांना करारानेच सोडायचा हक्क आहे, त्याला कारण लागत नाही.

---

आभाळवेडी | १० मे, सकाळी ८:३०

पावती सापडली. एलएलपीचा पत्ता बाणेरचा आहे, शाखा औंधला. करार पण वाचला, मोबाइलवर चार पानं बारीक अक्षरांत. वाक्य असं आहे की सदस्याची लेखी सूचना 'शाखेस प्राप्त झाल्यापासून' ३० दिवसांनी सदस्यत्व संपेल. स्वतः यावं असं कुठेही नाही, फॉर्मचाही उल्लेख नाही.

पत्राचा मसुदा केला आहे, बघाल का?

"प्रति, व्यवस्थापक. महोदय, मी आपल्या जिमची सदस्य आहे. माझ्या पतीची नाशिक येथे बदली झाल्याने मला जिमला येणे शक्य नाही. तरी कृपया माझे सदस्यत्व रद्द करावे, ही नम्र विनंती. कळावे, लोभ असावा."

---

कोर्टगल्ली | १० मे, सकाळी ९:१५

'शाखेस प्राप्त' आणि 'लेखी' एवढंच असेल तर टपालाने गेलेलं पत्र पुरेसं आहे. स्वतः या, हा त्यांनी नंतर जोडलेला नियम झाला.

मसुद्याबद्दल एक सांगतो, राग मानू नका. आपल्याला शाळेपासून विनंती अर्ज लिहायची सवय असते. इथे तीच नडते. विनंती मान्य किंवा अमान्य होऊ शकते, 'विचाराधीन' राहू शकते. तुम्ही परवानगी मागत नाही आहात, तुमचा निर्णय कळवत आहात. 'रद्द करावे' नको, 'रद्द करत आहे' लिहा. साधारण असं:

"विषय: सदस्यत्व समाप्तीची लेखी सूचना. सदस्य क्रमांक अमुक, नोंदणीकृत मोबाइल अमुक.

आपल्यासोबतच्या कराराच्या अमुक कलमानुसार मी माझे सदस्यत्व रद्द करत आहे. हे पत्र आपणांस प्राप्त झाल्यापासून ३० दिवसांनी सदस्यत्व संपुष्टात येईल. याबाबत दि. २० एप्रिल रोजी मी व्हॉट्सअ‍ॅपद्वारे सूचना दिली होती व ती मिळाल्याचे आपण कळवले होते. त्या सूचनेवरील माझा हक्क मी सोडत नाही.

समाप्तीच्या दिनांकानंतर कोणतीही रक्कम कापण्यास माझी संमती नाही. समाप्तीचा दिनांक व शिल्लक हिशोब सात दिवसांत ईमेलने कळवावा."

खाली तारीख, सही, पूर्ण नाव, ईमेल. सोबत पावतीची आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या त्या पानाची झेरॉक्स. बाकी काही नको. मराठीत लिहिलं तरी चालतं, पण फर्मचं नाव पावतीवर आहे तसंच उतरवा.

---

स्टुटगार्ट_डायरी | १० मे, सकाळी १०:५० (जर्मनीहून)

वाचून गंमत वाटली, कारण जर्मनीत आम्ही अगदी हेच शिकतो. इथे या पत्राला 'क्युंडिगुंग' म्हणतात. त्यात विनंती नसते, नुसतं 'मी अमुक करार संपवत आहे, कृपया लेखी पोच द्या' एवढंच. मी आले तेव्हा घरमालकिणीने सांगितलं होतं, कारण लिहू नकोस, तो त्यांचा प्रश्न नाही.

इथे १ जुलै २०२२ पासून, ज्या कंपनीचा करार संकेतस्थळावर करता येतो तिला तिथेच रद्द करायचं बटण द्यावं लागतं. बटण नसेल तर ग्राहक नोटिशीचा कालावधी न पाळता करार संपवू शकतो. पण स्टुडिओत जाऊन सही करूनच प्रवेश देणारी छोटी जिम असेल तर बटणाची सक्ती नाही, तिथे पत्र किंवा ईमेल. २०१६च्या ऑक्टोबरनंतरच्या करारात 'सही केलेला कागदच हवा' अशी अट ग्राहकावर घालता येत नाही, ईमेल पुरतो. तरी मी पेटीत टाकल्याची नोंद मिळणारं रजिस्टर्ड पत्रच पाठवलं.

आणि पंत, बदलीचं कारण इथे चालत नाही. नोकरीसाठी गाव बदललं म्हणून मुदतीआधी जिम सोडता येत नाही, असा निकाल इथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०१६ मध्ये दिला आहे.

---

पेठेतला_पंत | १० मे, सकाळी ११:१०

आपल्याकडे असा बटणाचा कायदा का नाही?

---

टपालमामा | १० मे, दुपारी १२:३०

नमस्कार. ३४ वर्षं डाक खात्यात काढून निवृत्त झालो. पत्र कसं पाठवायचं यावर अजून कुणी बोललं नाही म्हणून लिहितो.

लोक अजून 'आरपीएडी करा' म्हणतात. २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट ही वेगळी सेवा राहिलेली नाही, ती स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली. आता काउंटरवर स्पीड पोस्ट करताना 'रजिस्ट्रेशन' हवं असं वेगळं सांगायचं. साधं स्पीड पोस्ट त्या पत्त्यावर कुणाच्याही हाती देता येतं. रजिस्ट्रेशन घेतलं की ते ज्याच्या नावाचं आहे त्याला किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसालाच द्यायचं असतं. शुल्क थोडंच वाढतं. सोबत पोहोचल्याचा पुरावाही मागून घ्या.

काउंटरवरची पावती निवांत वाचून मगच खिडकी सोडायची. फर्मचं नाव आणि पिनकोड बरोबर छापलाय का बघा. माझ्या नोकरीत मी कितीतरी माणसं रडवेली परत आलेली पाहिली, कारण पावतीवर नुसतं 'मॅनेजर, पुणे' होतं.

मग संकेतस्थळावर ट्रॅकिंग बघत राहा आणि 'डिलिव्हर्ड' दिसलं की त्याच दिवशी त्याचा स्क्रीनशॉट आणि प्रिंट काढून ठेवा. तो तपशील तिथे कायमचा राहत नाही.

आणि एक. पत्र परत आलं, लिफाफ्यावर 'घेण्यास नकार' असा शेरा असला, तर घाबरू नका आणि तो लिफाफा फोडू नका. बंद लिफाफा, त्यावरचे शिक्के आणि शेरा, हाच तुमचा पुरावा. फोडला की आत काय होतं हे सिद्ध करणं तुमच्यावर येतं.

---

कोर्टगल्ली | १० मे, दुपारी १२:५२

मामा, दंडवत. कायद्याची बाजू एका वाक्यात जोडतो. जनरल क्लॉजेस अ‍ॅक्ट, १८९७च्या कलम २७ प्रमाणे पत्ता बरोबर, टपालखर्च भरलेला आणि पत्र रजिस्टर्ड असेल तर ते पोहोचलं असं गृहीत धरता येतं. ते खोडून काढायची जबाबदारी समोरच्यावर जाते. मुद्दाम नाकारलेलं पत्रही न्यायालयं बहुधा मिळालेलं धरतात. म्हणूनच रजिस्ट्रेशनचे ते चार पैसे वाचवू नका.

---

निर्मलामावशी | १० मे, संध्याकाळी ६:१५

आमच्याकडे जिमखान्याचं प्रकरण झालं, तेही लिहिते. माझे भाऊ मुंबईतल्या एका जिमखान्याचे जुने सभासद. गुडघे गेल्यावर जाणं बंद केलं आणि वर्गणीही बंद केली. त्यांना वाटलं, वर्गणी भरली नाही की नाव आपोआप कमी होईल. तीन वर्षांनी थकबाकीचं पत्र आलं आणि सूचना फलकावर नाव लागलं. ऐंशीच्या घरातला माणूस, आयुष्यात कुणाचा एक रुपया ठेवला नाही. त्याला ते फार लागलं.

मग कळलं की जिमखान्याच्या घटनेतच लिहिलंय की राजीनामा मानद सचिवांच्या नावे लेखी द्यायचा, आणि तो मिळेपर्यंतची वर्गणी देय. भाच्याने पत्र हाताने नेऊन दिलं आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख, सही घेतली. पोच घेतल्याशिवाय तो तिथून हलला नाही. थकबाकी भरली, मग सुरुवातीला भरलेली अनामत परत मिळाली.

---

डंबेलदादा | १० मे, संध्याकाळी ७:०५

मावशी, भाच्याने केलं ते सर्वांत उत्तम. ज्यांना जवळ आहे त्यांनी हेच करा. दोन प्रती न्यायच्या आणि दुसरीवर 'प्राप्त' लिहून शिक्का मागायचा. डेस्कवरची मुलं शिक्का द्यायला घाबरतात, त्यांच्यावर चिडू नका. सही नाकारली तर वाद न घालता तिथूनच पोस्टात जा.

---

आभाळवेडी | १४ मे, रात्री ९:४०

सोमवारी ११ मेला नाशिकहून दोन्ही लिफाफे पाठवले, रजिस्ट्रेशनसकट. मामा, काउंटरवरच्या ताईंनी पिनकोड खरंच चुकीचा टाकला होता, तुमच्यामुळे लक्षात आलं. तेच पत्र स्कॅन करून त्यांच्या ग्राहकसेवेला ईमेलही केलं.

बाणेरचं १३ मेला पोहोचलं. स्क्रीनशॉट काढला. औंध शाखेचं मात्र 'नकार' दाखवतंय. पोटात गोळा आला आहे. करारात तर 'शाखेस प्राप्त' असं आहे.

---

कोर्टगल्ली | १४ मे, रात्री १०:०५

गोळा नको. शाखा ही वेगळी व्यक्ती नाही, त्या एलएलपीचंच एक दुकान आहे. एलएलपीला १३ मेला मिळालं, शाखेने नाकारलं. दोन्ही तुमच्या बाजूचं आहे. १३ मेपासून ३० दिवस म्हणजे १२ जून.

५ जूनला पैसे जातील, ते अडवायचे की नाही हा तुमचा निर्णय. ५ ते १२ जून असे आठच दिवस तुम्ही सभासद असाल. २१०० भागिले ३०, म्हणजे दिवसाला ७०. आठ दिवसांचे ५६०. उरलेले १५४० परत मागायचे.

---

पेठेतला_पंत | १४ मे, रात्री १०:३०

मी तर म्हणतो ५ जूनचे पैसे जाऊच देऊ नका. २० एप्रिलची सूचना धरली तर ३० दिवस २० मेलाच संपतात. तुम्हीच म्हणालात व्हॉट्सअ‍ॅप चालतं.

---

कोर्टगल्ली | १४ मे, रात्री १०:५०

पंत, हा मुद्दा खरंच चांगला आहे, आणि तो मांडता येईल म्हणूनच पत्रात 'हक्क सोडत नाही' लिहिलं. पण 'शाखेस लेखी' या शब्दांत मॅनेजरच्या फोनवरचा मेसेज बसतो का, यावर आयोग काय म्हणेल हे मी छातीठोक सांगू शकत नाही. २१०० रुपयांसाठी ही जोखीम घ्यायची का, ते आभाळवेडींनी ठरवावं.

---

आभाळवेडी | १४ मे, रात्री ११:१०

मी जाऊ देते. मला त्यांच्या वहीत थकबाकीदार व्हायचं नाही.

---

आभाळवेडी | १६ जून, सकाळी ११:२५

काय झालं ते सांगते.

५ जूनला २१०० गेले. औंधचा लिफाफा परत आला, तो न फोडता कपाटात ठेवला आहे. १३ जूनच्या सकाळी यूपीआय अ‍ॅपमधून मँडेट रद्द केलं, दोन मिनिटांचं काम. रद्द झाल्याचा संदेश जपून ठेवला.

त्यानंतर एका तासात फोन! एवढे दिवस ईमेलला उत्तर नाही आणि मँडेट बंद होताच फोन. नाशिकच्या शाखेत ट्रान्सफर घ्या म्हणाले. मी म्हटलं, जे आहे ते ईमेलवर लिहा. काल ईमेल आला: "आपले सदस्यत्व १२ जूनपासून समाप्त." तारीख त्यांनीच मान्य केली. पण १५४० देणार नाहीत, कारण 'महिन्याचे शुल्क अविभाज्य'. करारात तसं वाक्य मला सापडत नाही.

---

राहुल_ठाणे | १६ जून, सकाळी ११:४०

सुटलात! अभिनंदन. तो ईमेल तीन ठिकाणी ठेवा.

---

पेठेतला_पंत | १६ जून, दुपारी १२:०५

आता थेट जिल्हा ग्राहक आयोगात, 'अन्यायकारक करार' म्हणून. २०१९च्या कायद्यात आहे.

---

कोर्टगल्ली | १६ जून, दुपारी १:१०

कायद्यात आहे, पण अन्यायकारक कराराची तक्रार जिल्हा आयोगात चालत नाही, ती राज्य आयोगापासून सुरू होते. आणि इथे त्याची गरजही नाही. तुमचा करार ठीकच आहे, त्यांनी तो पाळला नाही. ही सेवेतली त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा, ती जिल्हा आयोगात मांडता येते. २०१९च्या कायद्यामुळे तुम्ही राहता तिथेच, म्हणजे नाशिकच्या आयोगात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, मुदत दोन वर्षं.

पण आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर १९१५ ला फोन करा किंवा त्यांच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवा. तिथून ती कंपनीकडे पाठवतात. हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही, हे लक्षात ठेवा. तरी छोट्या रकमा पुष्कळदा तिथेच सुटतात.

---

आभाळवेडी | १६ जून, दुपारी १:३०

आजच नोंदवते. १५४० साठी एवढं कशाला, असं घरात म्हणत आहेत. पण त्या शाखेत माझ्यासारख्या बदली होऊन गेलेल्या किती बायका असतील, असं मनात येतं.

---

टपालमामा | १६ जून, दुपारी २:१५

पोरी, नोंदव. आणि लिफाफा अजून फोडायचा नाही.

---

स्टुटगार्ट_डायरी | १७ जून, पहाटे १:०२

पंतांच्या बटणाच्या प्रश्नाला कुणीच उत्तर दिलं नाही. मलाही ते ऐकायचं आहे.

---

कोर्टगल्ली | १७ जून, सकाळी ९:२०

थोडंसं आहे. केंद्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये फसव्या आराखड्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात 'सब्स्क्रिप्शन ट्रॅप' म्हणजे सदस्यत्व रद्द करणं अशक्य किंवा फार किचकट करून ठेवणं, हा प्रकार नावानिशी आहे. अ‍ॅपमधून पैसे घेणाऱ्या जिमला तो लावता येईल असं माझं मत आहे. औंधच्या काउंटरवर झालेल्या कराराला लागेल का, यावर माझ्या ओळखीच्या दोन वकिलांची दोन मतं आहेत.

आभाळवेडी, हेल्पलाइनच्या तक्रारीत अ‍ॅपच्या त्या पानाचे स्क्रीनशॉट जोडा. पॅकेज वाढवायचं बटण दिसतं आणि रद्द करायचं दिसत नाही, ते एकाच चित्रात येऊ दे.

---

आभाळवेडी | १७ जून, सकाळी ९:४५

जोडले. तक्रार क्रमांक आला आहे. उत्तर आलं की इथेच लिहीन.

---

निर्मलामावशी | १७ जून, सकाळी १०:३०

कोर्टगल्ली, एक विचारू? सभासद वारला तर राजीनामा कोणी द्यायचा? शेजारच्या काकूंना जिमखान्याकडून अजून काकांच्या नावाने बिलं येतात.

---

कोर्टगल्ली | १७ जून, सकाळी ११:००

मावशी, त्याला राजीनामा लागत नाही. मृत्यूच्या दाखल्याची प्रत जोडून काकूंनी मानद सचिवांना पत्र द्यावं, मृत्यूच्या तारखेनंतरची बिलं रद्द करायला सांगावं आणि अनामत कोणाला देय आहे ते विचारावं. जिमखान्याच्या घटनेत वारसाचं किंवा जोडीदाराचं कलम असतं का, ते आधी पाहा. कधीकधी जोडीदाराला सदस्यत्व पुढे चालवता येतं, काकूंना ते हवंही असेल. आणि पत्राची पोच घ्यायला त्यांच्यासोबत कुणीतरी जा.

---

निर्मलामावशी | १७ जून, सकाळी ११:१२

मीच जाते उद्या. दोन प्रती काढून ठेवते.